मासिक कल

आमच्या रुग्णालयात मला 'कात्री' म्हणतात. माझं काम दुसऱ्यांच्या स्लाइड नीट करायचं. डॉक्टर लोक एका स्लाइडवर अख्खं पुराण लिहून पाठवतात, मी ते कापते आणि उरलेलं वाचता येईल असं मांडते. कापलेल्याचं कोणाला दुःख होत नाही, कारण काय कापलं हे कोणाच्या लक्षातच येत नाही. दादा तेवढे ओळखायचे.

दादा आमच्या विभागाचे आकडेतज्ज्ञ. सगळं रुग्णालय त्यांना दादा म्हणायचं, आणि त्यांची बायको तिसऱ्या वॉर्डाची मुख्य परिचारिका, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दादांचे आकडे चोख आणि शीर्षकं भिकार. 'वयोगट', 'ठिकाण', 'पुढील पावले'. मी दर वेळी भांडायचे. ते म्हणायचे, "शीर्षक म्हणजे दारावरची पाटी. आत काय आहे ते आत येऊन बघावं माणसाने." मग मी एखादं पूर्ण वाक्य लिहून दाखवलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्यावरच उलटायचे, "म्हणजे काय?" वाक्यातल्या एकेका शब्दावर बोट ठेवून ते मला स्लाइडवर त्याचा आधार दाखवायला लावायचे. दोनदा, तीनदा. त्यांच्या त्या 'म्हणजे काय'चा मला इतका राग यायचा की सांगायची सोय नाही.

एका दुपारी ते खुर्चीतच गेले. मी पाठमोरी बसले होते. मला काही ऐकूही आलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने नव्या संचालकांनी मला बोलावलं. रुग्ण पडण्याच्या घटनांवरचं दादांचं सादरीकरण व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचं होतं. संचालक हुशार, पण घाईचे. त्यांना दारावरची पाटी नको होती. "शीर्षक वाचून मुद्दा कळला पाहिजे. पूर्ण वाक्य लिहा. पण अर्थ बदलू नका, आकडे त्यांचेच राहू देत," असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. हे तर मी वर्षानुवर्षं दादांना सांगत होते, आणि मी जिंकले तीही अशी, ते गेल्यावर.

जागेवर येऊन फाइल उघडली, तर पडद्यावर चौकट आली. ही फाइल दुसरी व्यक्ती वापरत आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. खाली त्या व्यक्तीचं नाव होतं. दादांचं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, आमच्या घरात तो मान सासूबाईंचा. संगणकवाल्याला फोन केला, तर तो हसला. त्या दिवसापासून दादांचं मशीन कोणी बंदच केलेलं नव्हतं, फाइल तिथे उघडीच असणार. त्याने येऊन मशीन उघडून दिलं आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. ती फाइल बंद करायला मला त्यांच्या खुर्चीत बसावं लागलं. सगळे जण त्या खुर्चीला वळसा घालून जायचे, सफाईवालीसुद्धा तिच्याखालून पुसायची नाही.

पडद्यावर 'मासिक कल' ही स्लाइड होती. तिसऱ्या वॉर्डात एका ठरावीक तासात दर महिन्याला किती रुग्ण पडले, त्याचे खांब. पण वर शीर्षकाची चौकट रिकामी होती. दादांनी 'मासिक कल' हे शब्द पुसले होते आणि कर्सर तिथे उभा होता, लुकलुकत. महिनाभर तो तसाच लुकलुकत होता, म्हणजे त्यांना काहीतरी लिहायचं होतं.

फाइल बंद करताना मशीनने विचारलं, बदल जतन करायचे का. त्यांचा शेवटचा बदल म्हणजे एक रिकामी जागा. ती पुसणं माझ्याच्याने झालं नाही. मी 'हो' म्हटलं आणि उठले.

आपल्या जागेवर येऊन कामाला लागले. सवय जुनी आहे. स्लाइडचं शीर्षक झाकायचं, फक्त चित्र बघायचं, आणि शेजारणीला सांगावं तसं एका वाक्यात सांगायचं. मग त्या वाक्यातला प्रत्येक शब्द स्लाइडवर कुठे आहे ते शोधायचं. नसेल तर तो शब्द आपल्या पदरचा, तो काढायचा. आणि शेवटी नुसती शीर्षकं ओळीने वाचायची. ती वाचून गोष्ट कळली पाहिजे, आणि ती सांगणाऱ्याचीच गोष्ट असली पाहिजे.

'ठिकाण'चं झालं, 'बहुतेक रुग्ण पलंग आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या पट्ट्यात पडले.' 'वयोगट'चं झालं, 'पडलेल्या दर चौघांपैकी तिघे सत्तरीच्या पुढचे होते.' इथे कानाशी कोणीतरी म्हणालं, म्हणजे काय? मी मान वळवली नाही. पण स्लाइड पुन्हा पाहिली. तक्ता फक्त तिसऱ्या वॉर्डाचा होता. 'तिसऱ्या वॉर्डात' हे शब्द आधी घातले तेव्हाच मला पुढे जाता आलं.

असं दर स्लाइडला व्हायला लागलं. दुपारचं लख्ख ऊन, शेजारच्या खोलीत प्रिंटर चालू, आणि मी मान खाली घालून एका मेलेल्या माणसाला उत्तरं देतेय. भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. महिनाभर मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग 'वेळेनुसार वर्गीकरण' आलं.

तक्त्यात दोन रेघा होत्या, निळी आणि तांबडी. आडवे दिवसाचे तास, उभे पडलेले रुग्ण. निळी रेघ आधीच्या वर्षाची. तेव्हा पाळीबदल सकाळी आठला व्हायचा, आणि आठच्या सुमाराला निळ्या रेघेवर एक लहानसा उंचवटा होता. तांबडी रेघ नंतरची. पाळीबदल साडेसहाला आणला होता, आणि उंचवटाही साडेसहाला आला होता. लहान नव्हता तो, चांगला डोंगर होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तशी ती स्लाइड होती. पाळीबदलाला दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका काचेच्या खोलीत उभ्या राहून एकेका रुग्णाची माहिती एकमेकींना देतात. आठला वॉर्डात झाडूवाले, चहावाले, नातेवाईक, कोणी ना कोणी असतं. साडेसहाला कोणी नसतं, आणि म्हाताऱ्या माणसांना जाग येते ती नेमकी तेव्हा. ती उठतात, घंटा वाजवतात, वाट बघतात आणि एकटीच निघतात. त्यातल्याच एका आजोबांचा पडून खुबा मोडला होता. ते पुन्हा घरी गेले नाहीत.

पाळीबदलाची वेळ वहिनींनी बदलली होती. रात्रपाळीच्या बायकांची मुलं शाळेला निघायच्या आत त्यांना घरी पोचता यावं म्हणून. सगळ्या परिचारिका वहिनींना त्यासाठी दुवा द्यायच्या.

आता मला दादांचं 'वेळेनुसार वर्गीकरण' कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ, माणसाने चावायचं कोणाला? पण मग लगेच वाटलं, मी त्यांच्यावर अन्याय करतेय. सगळीच शीर्षकं ते तशीच लिहायचे. तक्ता त्यांनी लपवला नव्हता, रंगही फिके केले नव्हते. आणि शेवटच्या शिफारशींच्या स्लाइडवर चौथ्या ओळीत स्पष्ट होतं, 'पाळीबदलाच्या वेळी एका परिचारिकेने वॉर्डातच थांबावे.'

मी पहिलं वाक्य लिहिलं, 'पाळीबदलाची वेळ बदलल्यामुळे रुग्ण पडले.' खोडलं. दोन गोष्टी एकत्र सरकल्या एवढंच तक्ता सांगतो, एकीने दुसरी ओढली असं नाही सांगत. दुसरं लिहिलं, 'तिसऱ्या वॉर्डात सर्वाधिक रुग्ण सकाळी साडेसहाच्या सुमारास पडतात.' हे खरं होतं. तक्त्यात प्रत्येक शब्द होता. संचालकांनाही चाललं असतं. दगडापेक्षा वीट मऊ. आणि वहिनींचं नाव कोणाच्या मनातही आलं नसतं. मी तेच ठेवलं. या वेळी कानाशी कोणी काही बोललं नाही, आणि ती शांतता मला फार लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनी दादांचं सामान न्यायला आल्या. एक कप, एक स्वेटर, जास्तीचा चष्मा. गणवेशातच होत्या. पिशवी भरून झाली तरी निघेनात. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून घरचं सांगायला लागल्या. पहाटे पाचला त्यांना स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज येतो. शेवटचे दोनेक महिने दादाच लवकर उठून चहा करायचे आणि त्यांना वॉर्डापर्यंत सोडायला यायचे. इतकी वर्षं सूर्य डोक्यावर आल्याशिवाय अंथरूण न सोडणारा माणूस. वहिनींना वाटलं होतं, म्हातारपणी प्रेम उतू जातंय. त्या सांगता सांगता हसल्याही.

मग त्यांची नजर माझ्या पडद्यावर गेली. मी स्लाइड बदलायला हात पुढे केला, पण त्यांनी माझं मनगट धरलं.

"निळी रेघ कुठली?"

"वेळ बदलायच्या आधीची."

त्या बघत राहिल्या. तीस वर्षं तापाचे तक्ते वाचलेली बाई, तिला काय समजावून सांगायचं?

"वर नुसतं सकाळी साडेसहा लिहिलंयस. मग निळ्या रेघेचं काम काय इथे?"

मी म्हटलं, "वहिनी, लिहिलंय त्यात खोटं काही नाही."

"नाही ना. म्हणून तर कोणी विचारणार नाही." त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, म्हणजे दादांच्याच, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "ह्यांना कळलं होतं?"

मी शिफारशींची स्लाइड काढली आणि चौथी ओळ दाखवली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली.

"माझ्यापाशी एक अवाक्षर काढलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता रोज पहाटे उठवतात. आयुष्यभर हा माणूस असाच. बोलायचं ते बोलायचं नाही, आणि न बोललेलं मग घरभर फिरत राहतं. लिही तू. जसं आहे तसं लिही. वाढवू नकोस माझ्यावर रागावून, आणि कमी करू नकोस माझी दया येऊन."

त्यांच्यासमोरच मी लिहिलं, 'पाळीबदलाची वेळ आठवरून साडेसहावर आली, तसा रुग्ण पडण्याचा उंचवटाही साडेसहावर आला आणि मोठा झाला.' वहिनींनी एकेका शब्दावर बोट ठेवत ते तक्त्याशी ताडून पाहिलं. मला रडू आलं. तेच बोट होतं, नुसता हात वेगळा.

राहिली ती रिकामी चौकट. त्या तासातल्या घटनांचे मासिक खांब चढत चढत गेले होते आणि शेवटच्या दोन महिन्यांत शून्य. खांबच नाहीत. आकडे दादा गेले त्या महिन्यापर्यंतचे. का थांबल्या घटना? पाळीबदल साडेसहालाच होता, माणसं तेवढीच होती. मी शोध शोध शोधलं. शेवटी लिहिलं, 'पाळीबदलाच्या तासातल्या घटना शेवटच्या दोन महिन्यांत थांबल्या; कारण नोंदलेले नाही.' असलं शीर्षक लिहायची लाज वाटते मला. पण स्लाइडवर तेवढंच होतं. वहिनी तोवर उठल्या होत्या, ती स्लाइड त्यांनी पाहिली नाही.

संचालकांना बाकीची शीर्षकं आवडली, हे मात्र मुळीच नाही. समितीच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की तिथे 'पलंगांना कठडे बसवल्यामुळे घटना थांबल्या' असं लिहा. संचालक व्हायच्या आधी कठड्यांसाठी त्यांनीच खटपट केली होती. मी म्हटलं, कठडे बसले त्यानंतरही बरेच महिने घटना वाढतच होत्या, त्याच तक्त्यात दिसतंय. आणि कठडे सगळ्या वॉर्डांत बसले, थांबल्या त्या फक्त तिसऱ्यात आणि फक्त त्याच तासात. कावळा बसायला आणि फांदी मोडायलाही गाठ पडत नव्हती इथे. एकदा कठड्यांनी काम झालं असं लिहिलं की चौथी शिफारस कोण वाचणार होतं? अर्थ बदलू नका असं तुम्हीच सांगितलंत, हेही मी ऐकवलं. ते म्हणाले, बघू समितीत.

समितीच्या खोलीत लांब टेबल, पडदे ओढलेले, भर सकाळी दिवे लावलेले. सगळ्या वॉर्डांच्या मुख्य परिचारिका भिंतीशी बसल्या होत्या, त्यांत वहिनी. मी स्लाइड पुढे सरकवत होते आणि संचालक शीर्षकं मोठ्याने वाचत होते. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ओळीने ऐकताना मला सारखं वाटत होतं, आत्ता कोणीतरी अडवेल.

निळी-तांबडी रेघ आली. संचालकांनी शीर्षक वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं. मग विचारलं, वेळ कोणी बदलली?

"मी," वहिनी उभ्या राहून म्हणाल्या. "आदेशावर सही माझी आहे." आणि खाली बसल्या. शेजारची परिचारिका त्यांच्या समर्थनासाठी मुलांच्या शाळेचं काहीतरी सांगायला लागली, तिला त्यांनी हातानेच गप्प केलं.

मी पुढची स्लाइड लावली. वहिनींनी ती पहिल्यांदाच पाहिली. चढत गेलेले खांब, आणि शेवटी दोन मोकळ्या जागा.

संचालक वैतागले. "'कारण नोंदलेले नाही' हे काय शीर्षक झालं? मी कठडे लिहायला सांगितलं होतं." मी फोनवर सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. ते टेबलाभोवती बघत म्हणाले, "मग काय, भुताने थांबवल्या?"

दोघं-तिघं हसले.

वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी भिंतीचा आधार घेऊन.

"माझ्या यजमानांनी थांबवल्या," त्या म्हणाल्या. "ह्या दोन महिन्यांत ते मला सोडायला यायचे. मला सांगायचे, कॅन्टीनमध्ये चहा घेतो आणि ऑफिसला जातो. ते जातच नव्हते. आमचा पाळीबदल होईपर्यंत स्वच्छतागृहाच्या दारापाशी बाकावर बसायचे. कोणी उठलं की हात धरून न्यायचे आणि परत पलंगावर आणून बसवायचे. आम्ही सगळ्याजणी काचेपलीकडे, वॉर्डाकडे पाठ करून. मला परवा एका आजींनी विचारलं, ते चष्मेवाले हल्ली येत नाहीत का? तेव्हा त्यांच्याकडून हे सगळं कळलं, पण ते का येत होते ते आत्ता कळलं, हे बघून."

त्या खालच्या आवाजात पुढे म्हणाल्या, "ते गेल्यापासून दोघं पडलेत. त्याच तासात. ते तुमच्या तक्त्यात यायचेत अजून."

मला दादांचा कर्सर आठवला. त्यांना कारण माहीत होतं. ते लिहायचं तर वाक्याचा कर्ता ते स्वतः झाले असते, आणि पुढच्याच श्वासाला बायकोचं नाव आलं असतं. म्हणून चौकट पुसून बसले होते. इतके दिवस मला विचारायचे, म्हणजे काय. स्वतःला विचारून अडकले.

चौथी शिफारस तिथेच मंजूर झाली, चर्चेविना. वहिनींवर काही कारवाई झाली नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना जास्त जड गेलं. खोली रिकामी होताना संचालक माझ्यापाशी आले. आवाज पार उतरला होता. ते शीर्षक आता पूर्ण करता येईल का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात चांगलंच होतं.

मी काही बोलायच्या आत वहिनींनी उत्तर दिलं. "नको. कारण नोंदलेलं नाही, तसंच राहू दे. त्यांनी ते मला सांगायचं होतं, समितीला नाही."

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला तिसऱ्या वॉर्डात गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. एक तरुण परिचारिका पलंगांच्या मधून फिरत होती, एका आजोबांना हाताला धरून नेत होती. काचेच्या खोलीत बाकीच्या जमल्या होत्या. वहिनी त्यांच्यात होत्या, पण तोंड वॉर्डाकडे करून. कोणी काय सांगत होतं तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या स्वच्छतागृहाच्या दारापाशच्या बाकाकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. काचेमुळे शब्द कळत नव्हते. नवऱ्याशी भांडणारी बाई मात्र लांबूनही ओळखू येते.